सेपिया कुठे चढतो? फोटोला जुन्या छापाचं रूप देण्याच्या पद्धतींचा आढावा

मोबाइलमधल्या जवळजवळ प्रत्येक फोटो-अ‍ॅपमध्ये सेपियाचं बटण असतं. ते दाबलं की फोटो तपकिरी होतो, पण जुना वाटत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, लग्नपत्रिकेवर, हॉटेलच्या भिंतीवर असे तपकिरी केलेले फोटो आपण रोज पाहतो आणि ते आजचेच आहेत हे नजरेला लगेच कळतं. याउलट एखाद्या संग्रहालयात दीडशे वर्षांपूर्वीचा खरा छाप समोर आला, तर तारीख वाचण्याआधीच त्याचं वय जाणवतं. दोन्हीकडे रंग तपकिरीच आहे, मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो तो रंगाच्या वाटणीत. खऱ्या जुन्या छापात तपकिरी सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. उजळ भागांवर पिवळसर साय आलेली असते. जिथे पूर्वी गडद काळपट छटा होती तिथे आता उतरलेला, किंचित जांभळट तपकिरी असतो. कडांकडे जाताना चित्र विरत गेलेलं असतं. या तीन खुणा तीन वेगळ्या कारणांनी येतात. त्या तिन्ही एकत्र सापडण्याची सर्वात मोठी जागा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला अल्ब्युमेन छाप. म्हणून या लेखात तोच नमुना समोर ठेवला आहे. त्याच्यावर काय घडलं हे कळलं, की आजच्या साधनांपैकी कोणतं उपयोगी आणि कोणतं फसवं, याचा निवाडा सोपा होतो.

मूळ वस्तू

अल्ब्युमेन कागदाची पद्धत फ्रान्समध्ये लुई देझिरे ब्लांकार-एव्ह्रार याने 1850 मध्ये मांडली. अंड्यातला पांढरा द्रव फेटून, त्यात मीठ मिसळून त्याचा पातळ थर कागदावर देत. तो वाळला की कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावावर तरंगवत, म्हणजे तो प्रकाशाला संवेदनशील होई. मग काचेची निगेटिव्ह त्या कागदावर दाबून चौकट उन्हात ठेवत. चित्र उन्हातच उमटे, त्यासाठी डेव्हलपर लागत नसे. पुढे सोन्याच्या क्षाराच्या द्रावात बुडवून त्याचा रंग सुधारत, हायपोमध्ये ते पक्कं करत, धुऊन जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. हा कागद इतका पातळ असे की न चिकटवता ठेवला तर गुंडाळीच होई.

ही पद्धत मुंबईला लवकर पोचली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली होती. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केले, त्यात चिकटवलेले छाप अल्ब्युमेनचेच आहेत. लाला दीनदयाळ यांनी सिकंदराबादनंतर 1896 मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला, तोवर ही पद्धत उताराला लागली होती. आपल्या डोळ्यांना जुना फोटो म्हणून जे ओळखीचं वाटतं, त्याचा बराचसा साचा या अर्धशतकात घडला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. नवा असताना हा छाप पिवळा नव्हता. उन्हात उमटलेली चांदीची प्रतिमा मुळात लालसर तपकिरी असते. सोन्याच्या द्रावाने ती थंड होत जांभळट तपकिरीकडे झुकते. उजळ भाग कागदाच्या मूळ शुभ्रतेच्या जवळपास असत. आज दिसणारी पिवळी झाक नंतरची आहे. पांढऱ्यातली प्रथिनं, त्यांत अडकून राहिलेली चांदी आणि दमट हवा यांच्यातल्या रासायनिक क्रियांनी उजळ जागा हळूहळू पिवळ्या पडत गेल्या. चांदीचे कण जिथे मुळातच विरळ होते, म्हणजे याच उजळ जागांत, तिथली चित्राची बारीक नक्षी आधी पुसली गेली. पांढऱ्या साडीच्या चुण्या, कपाळावरची चमक, आकाशातले ढग आधी गेले. गडद भागांत चांदी दाट होती, तिथे चित्र टिकलं, पण त्याचाही जोर उतरला.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: आपल्याला नवा कोरा अल्ब्युमेन छाप दाखवायचा आहे, की दीडशे वर्षं जगलेला? उजळ छटांत रंग आणि काळ्याचा उतार या दोन्ही खुणा हव्या असतील, तर आपण दुसऱ्याची नक्कल करतो आहोत. एकदा हे ठरलं की पुढच्या निवडी आपोआप जुळायला लागतात.

काळा का उतरलेला दिसतो

काळ्याचा उतार केवळ वयामुळे येत नाही, काही अंशी तो छापाच्या जन्मातच असतो. उन्हात उमटणाऱ्या कागदावर गडद भाग काळा होऊ लागला, की तिथली चांदीच पुढच्या प्रकाशाला अडवू लागते. त्यामुळे गडद जागांचं काळं पडणं मंदावतं आणि उजळ जागांना उमटायला वेळ मिळतो. परिणामी सावलीतले तपशील गाडले जात नाहीत. साडीचा गडद पदर, दाराची चौकट, काळी छत्री यांचे आतले फरक दिसत राहतात. आजच्या फोटोत सावली एकदम ठार काळी होते, तशी इथे होत नाही.

नक्कल करताना याचा अर्थ असा की काळा नुसता राखाडी करून भागत नाही. काळ्याची पातळी उचलली आणि सावलीतले तपशील मुळातच नसले, तर तिथे एक सपाट तपकिरी ठिगळ उरतं. म्हणून सावलीत माहिती असलेला फोटोच निवडावा आणि काळा उचलण्याआधी सावल्या थोड्या उघडाव्यात.

इथे आणखी एका वंशाची नोंद करायला हवी, कारण सेपिया या नावाने दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. विसाव्या शतकातल्या डार्करूममध्ये जिलेटिन कागदावरचा काळा-पांढरा छाप मुद्दाम तपकिरी करत. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावात तो आधी फिका करायचा आणि मग सोडियम सल्फाइडच्या, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या द्रावात बुडवायचा. चांदीचं सल्फाइड तयार होई. ते तपकिरी तर असेच, पण नुसत्या चांदीपेक्षा जास्त टिकाऊही असे. फिकं करण्याची क्रिया उजळ भागांपासून सुरू होते. ती मध्येच थांबवली तर उजळ आणि मधल्या छटा तपकिरी होतात, काळा मात्र तसाच कणखर काळा राहतो.

म्हणजे उजळ भागांत रंग ही खूण दोन्ही वंशांत आहे, पण उतरलेला काळा प्रामुख्याने अल्ब्युमेनच्या बाजूला जातो. अर्धवट टोन केलेल्या 1930 च्या स्टुडिओ-पोर्ट्रेटची नक्कल करायची असेल, तर काळा उचलणं चुकीचं ठरेल. बाजारातल्या बऱ्याच तयार प्रीसेट्समध्ये या दोन काळांच्या खुणा बेधडक मिसळलेल्या असतात. ते रूप कुठल्याच काळाचं वाटत नाही, त्याचं कारण हेच.

आजची साधनं: चार वाटा

पहिली वाट तयार फिल्टरची. वेब ब्राउझरमध्ये `sepia()` हा फिल्टर असतो आणि त्याचं गणित उघड आहे. राखाडी छटेला तो साधारण असं बदलतो: लाल 1.351 पट, हिरवा 1.203 पट, निळा 0.937 पट. या तीन आकड्यांतच त्याचं अपयश लिहिलेलं आहे. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, म्हणून काळा ठार काळाच राहतो. दुसऱ्या टोकाला, 255 पैकी 189 च्या आसपास लाल आपल्या कमाल मर्यादेला पोचतो आणि 212 च्या आसपास हिरवाही. त्यानंतर ते वाढू शकत नाहीत, निळा मात्र वाढत जातो. त्यामुळे छटा जितकी उजळ, तितका तिच्यातला तपकिरी कमी. शुभ्र पांढऱ्याचा निकाल 255, 255, 239 येतो, म्हणजे जेमतेम पिवळसर पांढरा. जुन्या छापात रंग जिथे सर्वात स्पष्ट हवा, नेमका तिथेच हा फिल्टर तो धुऊन टाकतो. जुन्या छापात काळा उतरलेला असतो, आणि इथे तो अढळ आहे.

दुसरी वाट रंगीत थर चढवण्याची. फोटो काळा-पांढरा करून वर तपकिरी रंगाचा थर ठेवायचा आणि त्याचा मोड `Color` किंवा `Multiply` करायचा. `Multiply` ने पांढऱ्याला रंग येतो, हे फिल्टरपेक्षा बरं. पण काळा जसाच्या तसा राहतो आणि एकूण फोटो अंधारतो. `Color` मोडमध्ये छटेची उजळता तशीच ठेवली जाते, त्यामुळे शुभ्र भागाला रंग चढायला जागाच उरत नाही. दोन्ही पद्धतींत रंग एकच असल्यामुळे सावलीतला जांभळट आणि उजळातला पिवळट हा भेद दाखवता येत नाही.

तिसरी वाट स्प्लिट टोनिंगची. लाइटरूममध्ये ते आता `Color Grading` या नावाने आहे, डार्कटेबलमध्येही तसं मॉड्यूल आहे. इथे उजळ आणि गडद भागांना वेगवेगळा रंग देता येतो. हे अल्ब्युमेनच्या बरंच जवळ जातं. मात्र निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा या दोन टोकांवर याची पकड ढिली असते. टोन कर्व्हची खालची टोकं वर आणि वरची टोकं खाली ओढल्याशिवाय त्यांना रंग धरत नाही. दोन्ही एकत्र वापरले तर निकाल उत्तम येतो.

चौथी वाट लाल, हिरवा, निळा यांचे कर्व्ह्ज स्वतंत्रपणे मांडण्याची. काळ्याला कोणता रंग, मधल्या छटेला कोणता आणि पांढऱ्याला कोणता, हे इथे आपण नेमकं ठरवतो. साधन साधं आहे, मोफत मिळणाऱ्या जिंपमध्येही आहे आणि मोबाइलवरच्या चांगल्या अ‍ॅप्समध्येही. माझा कौल या चौथ्या वाटेला आहे. खऱ्या छापावर जे घडलं, म्हणजे प्रत्येक छटेचा वेगळा बदल, ते मांडण्याची मुभा याच पद्धतीत पूर्णपणे मिळते.

तपकिरीच्या आधीचं पाऊल

रंगाइतकंच महत्त्वाचं पाऊल त्याच्या आधीचं असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी वगळलं जातं. ते म्हणजे रंगीत फोटोचा काळा-पांढरा कसा करायचा. अल्ब्युमेन छाप ज्या काचेच्या निगेटिव्हवरून निघत, तिच्यावरचं कोलोडियन मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाशच पाहू शके. लाल आणि पिवळा तिला जवळजवळ अंधारच होता. हिरव्या-पिवळ्या रंगांना प्लेट संवेदनशील करण्याचा मार्ग हेर्मान फोगेल याला 1873 मध्ये सापडला, आणि सगळे रंग पाहणाऱ्या प्लेट्स बाजारात यायला विसावं शतक उजाडलं.

या अंधत्वाचे परिणाम जुन्या फोटोंत पदोपदी आहेत. निळं आकाश कोरं पांढरं दिसतं. लाल काठ काळा पडतो. कुंकू ठळक काळा ठिपका होतं. सोन्याचे दागिने चमकण्याऐवजी गडद दिसतात. चेहऱ्यावरचे डाग उठून येतात आणि कातडी प्रत्यक्षापेक्षा सावळी वाटते. आजचं काळा-पांढरा करण्याचं बटण मात्र हिरव्याला सर्वाधिक, लालला त्याखालोखाल आणि निळ्याला अगदी थोडं वजन देतं, कारण ते माणसाच्या डोळ्याप्रमाणे बेतलेलं असतं. त्यामुळे छटांचा क्रमच आधुनिक राहतो. वर कितीही तपकिरी चढवला तरी नजर फसत नाही.

उपाय सोपा आहे. फोटोचा निळा चॅनेल घ्यायचा, किंवा निळा जास्त आणि हिरवा थोडा असं मिश्रण करायचं. मोबाइलवर काळ्या-पांढऱ्याच्या साधनात रंगीत फिल्टरची निवड असेल, तर निळा फिल्टर निवडायचा. मर्यादाही सांगतो. डिजिटल कॅमेऱ्यात निळा चॅनेल सर्वात खरखरीत असतो. पिवळ्या दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत तर त्याच्यात फारसं काही उरतच नाही. जास्त दाबलेल्या जेपीजीमध्ये, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत, त्यात चौकोनी ठोकळे दिसतात. म्हणून मूळ फाइल मिळवावी आणि शक्यतो दिवसाच्या उजेडातला फोटो घ्यावा.

एक फोटो, सुरुवातीपासून

आता हे एका फोटोवर करून पाहू. समजा, वाड्याच्या ओसरीवर दिवसाच्या मऊ उजेडात बसलेल्या एका आजींचा रंगीत फोटो आहे. हिरवं नऊवारी, लाल काठ, कपाळी कुंकू, नाकात नथ, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा. फाइल साधारण 3000 पिक्सेल उंच आहे. काम जिंपमध्ये करायचं आहे. सर्वात आधी प्रत काढायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही. मग `Image > Precision` मध्ये जाऊन 16 बिट निवडायचं. याचं कारण पुढे येईल.

पहिली पायरी छटांची. `Colors > Components > Mono Mixer` उघडून लाल 0, हिरवा 0.3 आणि निळा 0.7 ठेवायचा. कुंकू आणि काठ गडद होतात, नथ काळवंडते, मोगरा उजळून उठतो. आजींचा चेहरा फार काळा पडला, तर हिरवा 0.4 आणि निळा 0.6 करायचा. इतिहासाशी इमान राखताना माणसाचा चेहरा हरवू देऊ नये. चेहरा हा फोटोचा विषय आहे.

दुसरी पायरी राखाडी कर्व्हची. `Colors > Curves` मध्ये `Value` निवडून गडद बाजूचा बिंदू किंचित वर न्यायचा, म्हणजे पदराच्या चुण्या दिसू लागतील. उजळ बाजूला कर्व्ह शेवटाजवळ थोडा सपाट करायचा, म्हणजे मोगऱ्याच्या पाकळ्यांमधले फरक अंधुक होतील. जुन्या छापात आधी जे पुसलं जातं तेच इथे पुसायचं. मधला भाग मात्र तिरपाच ठेवायचा, कारण चेहरा तिथेच आहे.

तिसरी पायरी कडांची, आणि ती अजून फोटो राखाडी असतानाच करायची. लंबवर्तुळाच्या निवडीने आजींच्या डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग घ्यायचा, चारी बाजूंनी भरपूर जागा सोडून. मग `Select > Feather` मध्ये 250 ते 300 पिक्सेल द्यायचे, `Select > Invert` करायचं आणि बाहेरचा भाग पांढऱ्याने भरायचा. आकृती मध्ये उभी राहते आणि ओसरीचे खांब पांढऱ्यात विरत जातात. हे रूप त्या काळच्या स्टुडिओंत प्रत्यक्ष वापरात होतं. छापताना निगेटिव्हवर मध्ये लंबगोल छिद्र पाडलेला पुठ्ठा थोड्या अंतरावर ठेवत आणि कडा मऊ व्हाव्यात म्हणून छिद्रावर पातळ कागद लावत.

चौथी पायरी रंगाची. पुन्हा `Colors > Curves`, पण आता `Red`, `Green` आणि `Blue` स्वतंत्र. प्रत्येकावर तीन बिंदू ठेवायचे: सुरुवात, मध्य आणि शेवट. 0 ते 255 च्या मोजपट्टीवर मी हे आकडे वापरतो:

- काळा: लाल 62, हिरवा 44, निळा 42
- मधली छटा: लाल 150, हिरवा 120, निळा 92
- पांढरा: लाल 241, हिरवा 227, निळा 196

16 बिटमध्ये हीच पट्टी 0 ते 100 अशी दिसली तर प्रमाण तेच ठेवायचं. या आकड्यांत सगळी गोष्ट सामावली आहे. काळ्यात हिरवा आणि निळा जवळजवळ सारखे आहेत, म्हणून तिथे सोन्याच्या द्रावाने दिलेली जांभळट झाक राहते. मधल्या छटेत तिन्ही रंगांतलं अंतर सर्वात मोठं आहे, म्हणून तिथे तपकिरी भरभरून दिसतो. पांढऱ्यात निळा स्पष्ट कमी आहे, म्हणून तो सायीसारखा पिवळट होतो. कडांचा पांढराही याच कर्व्हमधून जातो, त्यामुळे त्याचा रंग कागदाच्या रंगाशी आपोआप जुळतो. रंग चढवल्यानंतर वरून शुभ्र पांढऱ्याने कडा विरवल्या असत्या, तर कागदापेक्षा उजळ असा एक कोरा पट्टा चित्राभोवती चमकत राहिला असता.

पाचवी पायरी वयाची, आणि ती हलक्या हाताने करायची. खऱ्या छापात हवा आणि ओल कडांकडून आत शिरते, म्हणून कडेचा भाग मध्यापेक्षा थोडा जास्त पिवळा पडतो. नव्या थरावर काठाजवळ तपकिरी-पिवळा रंग भरून, खूप फेदर देऊन, त्याची अपारदर्शकता 10 ते 15 टक्क्यांवर आणली की पुरतं. चिरा, फाटलेले कोपरे, डाग यांचे तयार थर मी टाळतो. ते प्रत्येक फोटोवर त्याच जागी येतात आणि नक्कल उघडी पाडतात.

मऊ कडांचे चार अर्थ

वर एकच प्रकार वापरला, पण कडा मऊ दिसण्यामागे जुन्या फोटोंत चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, पुठ्ठ्याने पांढऱ्यात विरवलेली पोर्ट्रेटची कडा. दुसरी, भिंगामुळे कोपऱ्यांत आलेला अंधार. तिसरी, कोपऱ्यांत हरपलेला नेमकेपणा: 1840 चं पेट्झ्वालचं पोर्ट्रेट-भिंग मध्यभागी अतिशय तीक्ष्ण होतं आणि कडांकडे प्रतिमा विस्कटत, गोलाकार फिरत गेल्यासारखी दिसे. चौथी, छापाच्या कागदाचंच कडांपासून झिजणं.

चारही एकाच फोटोवर ओतले तर गोंधळ होतो. पोर्ट्रेटला पहिली शोभते, हवी तर तिच्याबरोबर थोडी तिसरी. घाट, किल्ला, रस्ता अशा दृश्याला कोपऱ्यांतला अंधार आणि कागदाचं पिवळेपण पटतं, तिथे पांढऱ्यात विरणारी लंबगोल कडा कृत्रिम दिसते. अंधुकपणा फक्त कडांना द्यावा. पूर्ण फोटो धूसर करणं ही सर्वात सर्रास होणारी चूक आहे. अल्ब्युमेन छाप निगेटिव्हला थेट चिकटून निघत, मोठे करून नव्हे, त्यामुळे मधला भाग विलक्षण स्पष्ट असे. याच कारणाने त्यावर फिल्मसारखे ठळक दाणेही दिसत नाहीत. ठळक दाणे ही पुढच्या काळातल्या छोट्या फिल्मची खूण आहे.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखावं

काम झाल्यावर कलर पिकर हातात घ्यावा आणि तीन जागी टेकवावा: सर्वात गडद जागी, गालावर आणि मोगऱ्यावर. तिन्ही ठिकाणी लाल आणि निळ्यातलं अंतर सारखंच येत असेल, तर आपण फोटोवर एक सपाट रंग पसरवला आहे, छाप घडवलेला नाही. वरच्या आकड्यांत ते अंतर अनुक्रमे 20, 58 आणि 45 आहे. हिस्टोग्रामही पाहावा. डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला दोन्हीकडे रिकामी जागा हवी. एखादी रेघ टोकाला टेकलेली दिसली, तर कुठे तरी ठार काळा किंवा शुभ्र पांढरा उरला आहे.

सगळ्या फोटोवर राखाडी पडदा आल्यासारखं वाटलं, तर काळा फार उचलला गेला आहे आणि मधल्या छटा त्याबरोबर सपाट झाल्या आहेत. काळा खाली आणण्याआधी मधला कर्व्ह तिरपा करून पाहावा, बहुधा तेवढ्यानेच चेहरा परत येतो. विरणाऱ्या कडांत पायऱ्या-पायऱ्या दिसल्या, तर छटा कमी पडल्या आहेत. 16 बिटमध्ये काम करण्याचं कारण हेच. तरी पायऱ्या उरल्या, तर अगदी बारीक, जेमतेम दिसेल एवढा नॉइज घालून मगच 8 बिटमध्ये साठवावं.

पडद्यावर सुंदर दिसणारा फोटो कागदावर बऱ्याचदा फसतो. चकचकीत, निळसर शुभ्र फोटो-पेपरवर चित्र सायीच्या रंगाचं आणि भोवतीची कोरी पट्टी बर्फासारखी, असं विजोड दिसतं. मॅट आणि नैसर्गिक पांढऱ्या रंगाचा कागद मागावा. कागद स्वतःच पिवळसर असेल तर पांढऱ्याच्या आकड्यातला निळा 196 वरून 215 पर्यंत वाढवावा, नाहीतर पिवळेपण दुप्पट होतं. मॅट कागदावर काळा तसाही थोडा उतरतो, म्हणून पडद्यावर काळा किंचित कमी उचलावा. एक छोटी पट्टी आधी छापून दिवसाच्या उजेडात पाहिली, की या दोन्हींचा अंदाज येतो.

कुठे थांबावं

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. अल्ब्युमेनचा पृष्ठभाग, त्याची हलकी चकाकी आणि पातळ थरावर वर्षानुवर्षं पडलेल्या केसासारख्या बारीक तड्या कर्व्हने येत नाहीत. प्लॅस्टिकची खुर्ची, मनगटावरचं स्मार्टवॉच किंवा भिंतीवरचा स्विच फोटोत असेल, तर कुठलीही छटा त्याला जुना करू शकत नाही. तो फ्रेम करतानाच बाहेर ठेवावा लागतो. क्षणार्धात टिपलेलं उसळतं हसू, उडणारे केस, पळतं मूल यांवरही हे रूप बसत नाही. त्या काळच्या पोर्ट्रेटमध्ये माणसं काही सेकंद स्थिर बसत आणि ती स्थिरता चेहऱ्यावर दिसे.

आणि एक जागा अशी आहे जिथे हे काही करू नये: घरातल्या खऱ्या जुन्या फोटोच्या स्कॅनवर. त्याचं पिवळेपण आणि त्याचा उतरलेला काळा ही त्या कागदाची स्वतःची नोंद आहे. तो रंगीत मोडमध्येच स्कॅन करावा, काळा-पांढरा करून वर नवा सेपिया चढवू नये. तसं केलं तर खरं वय पुसलं जातं आणि खोटं वय त्याची जागा घेतं. नव्या फोटोला जुनं रूप दिलं असेल, तर फाइलच्या नावात आणि छापाच्या मागे फोटो कधी काढला ते वर्ष लिहावं. पन्नास वर्षांनी घरातलं कुणी तो अल्बममध्ये पाहील, तेव्हा त्याला आजींचा काळ चुकीचा कळू नये. हे रूप जितकं चांगलं जमेल, तितकी ही नोंद अधिक गरजेची होते.